गोटी कुठे जाते ते बघा

सुट्टीतला अभ्यास मुलं करत नाहीत, त्यांचे आईबाप करतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच जूनमध्ये कळलं होतं. थर्माकोलचा किल्ला, त्याच्या बुरुजावर पेटणारा बल्ब, खाली सोनेरी अक्षरांत मुलाचं नाव. हा कुठला रे किल्ला, असं विचारलं की मुलगा वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बघणार. डोंबिवलीतल्या आमच्या प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. दरवर्षी किल्ले उंच होत गेले आणि त्यांच्याबरोबर माझा रागही.

यंदा मी ठरवलंच. निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एकच कागद दिला. पुढच्या बाजूला मुलांसाठी खेळ, मागच्या बाजूला पालकांसाठी चार शब्द. लिहायचं काही नाही, चिकटवायचं काही नाही, बाजारातून आणायचं तर त्याहून नाही. दर बुधवारी संध्याकाळी मला फोन करायचा आणि आपल्या तोंडाने सांगायचं, बस्स.

खेळही साधेच होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आपली सावली संपते तिथे खडा ठेवा आणि ती किती पावलांची आहे ते बघा. मेच्या मधोमध एक दुपार अशी येते की सावली पायाखाली लपते, ती दुपार शोधून काढा. डोळे मिटून घरातले आवाज ओळखा. लिंबू सरबत करा आणि साखर चाखून ठरवा. शेजारच्या आजी-आजोबांकडून त्यांच्या लहानपणचा खेळ शिका आणि त्यांनाच हरवून दाखवा. आणि माझा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे गोटीची वाट. घरात एका जागी खडूने फुली मारायची, तिच्यावर गोटी धरायची, ती कुठे जाईल ते आधी सांगायचं आणि न ढकलता बोट उचलायचं. थांबेल तिथे खूण करायची. पुढच्या आठवड्यात त्याच फुलीवरून पुन्हा.

मागच्या बाजूला पालकांना मी लिहिलं होतं, 'या खेळांना चूक-बरोबर नाही. सावलीतून मूल मोजायला शिकतं, सरबतातून प्रमाण, आवाजातून लक्ष देणं. गोटीच्या खेळात ते अंदाज बांधतं, तो चुकतो, आणि चुकल्याने आभाळ कोसळत नाही हे त्याला समजतं. कुठल्याच घरातली फरशी अगदी सपाट नसते, तेव्हा गोटी पळाली तर घाबरू नका. फक्त मुलांची उत्तरं सुधारू नका. त्यांनी जे पाहिलं तेच त्यांना सांगू द्या. आणि एक खेळ तुमच्यासाठी. आठवड्यातून एकदा मूल शिक्षक होईल आणि तुम्ही विद्यार्थी. ते सांगेल तो खेळ, ते सांगेल तसाच खेळायचा.'

दुसरीच्या कल्पिताबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. तुम्ही घरी करून बघितलंत का हे सगळं?"

"मी कशाला करू? मी शिकवते," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

पहिल्या बुधवारी फोन खणखणत राहिला. कुणाची गोटी फ्रीजखाली गेली, कुणाची कुत्र्याने गिळायचीच बाकी होती. एकाने सरबतात मीठच घातलं नव्हतं आणि आजोबांना तेच आवडलं म्हणे. मला इतकं बरं वाटलं की मी जेवण उशिरा केलं. शेवटचा फोन सान्वीचा होता.

सान्वी म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात शंकेखोर मुलगी. ठाकुर्लीला सोनचाफा नावाच्या जुन्या चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. बाबा विनीत सोसायटीचे सेक्रेटरी, आई करिश्मा दवाखान्यात रिसेप्शनवर. विनीत म्हणजे किल्ल्यावर बल्ब लावणाऱ्यांतले पहिल्या नंबरचे. गेल्या वर्षी त्यांनी लेकीसाठी धबधबा केला होता, खऱ्या पाण्याचा.

"बाई, मी म्हटलेलं गोटी गॅलरीकडे जाईल, पण ती उलटी कपाटाकडे गेली," सान्वी म्हणाली. "हळूहळू गेली. मध्ये एकदा थांबली पण."

"मग कपाटाकडे का गेली असेल?"

"माहीत नाही. मी पुढच्या वेळी सांगते."

असं उत्तर देणारं मूल मला हवंच असतं. खाली राहणाऱ्या कमळाबाईंकडून ती सागरगोटे शिकत होती. सोसायटी उभी आहे ती जागा पूर्वी कमळाबाईंच्या सासऱ्यांची. शेत होतं तिथे. बिल्डिंग झाली तेव्हा तळमजल्याचा एक ब्लॉक त्यांना मिळाला आणि तेव्हापासून त्या तिथेच आहेत.

दुसऱ्या बुधवारी सान्वीच्या आवाजात घाई होती. "बाई, गोटी आता मध्ये थांबतच नाही. सरळ जाते आणि कपाटाला टॅक करून आपटते. कमळाआजीकडे पण सागरगोटे एकाच बाजूला पळतात. आजी म्हणते, भुतं खेळतात."

मी काही म्हणायच्या आत फोन विनीतच्या हातात गेला होता. "बाई, तसं काही नाही हां. टाइल्सला स्लोप आहे. अठ्ठ्याऐंशीची बिल्डिंग, चालायचंच. तुम्हीच लिहिलंय ना, गोटी पळाली तर घाबरू नका म्हणून?"

लिहिलं होतं खरं. आणि चुकीचंही लिहिलं नव्हतं. फरशीला थोडा उतार असतोच. पण उतार आठवड्यात वाढत नाही. हे मला त्याच वेळी सुचलं आणि मी ते बोललेही. विनीत हसले. "बाजूच्या प्लॉटवर टॉवर होतोय बाई. बेसमेंटचा खड्डा खणतायत. दिवसभर मशीन धडधडते, सगळं घर हलतं, गोटी काय जाग्यावर राहणार? पोरीने धक्का दिला असेल."

"मी नाही दिला," मागून सान्वी म्हणाली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी नीट जेवले, मालिका बघितली. फक्त मधूनच कपाटाला आपटणारी गोटी आठवत होती.

मेच्या मध्यावर मुलांना सावली लपणारी दुपार सापडली. अंगणात सरळ उभ्या ठेवलेल्या बाटलीला सावलीच नाही, अशा फोटोंनी पालकांचा ग्रुप भरून गेला. सान्वीने त्या बुधवारी सावलीचं काहीच सांगितलं नाही. ती हळू आवाजात बोलत होती, जणू कुणाला ऐकू जाऊ नये.

"बाई, आवाजाच्या खेळात मला एक जास्तीचा आवाज मिळालाय. पंखा, नळ, कुकर, लिफ्ट नाहीच आमच्याकडे, मशीन, आणि एक भिंतीचा."

"भिंतीचा कसा?"

"दुपारी मशीनवाले जेवायला जातात ना, तेव्हा येतो. कट. मग खूप वेळ काही नाही. मग परत कट. आपण सुकी काडी मोडतो तसा. आणि बाथरूमचं दार आता लागत नाही, बाबांनी खालून तासलं तरी."

 मी म्हटलं, "बाबांना दे." विनीत फोनवर आले ते चिडूनच.

"बाई, प्लीज. आमचं रीडेव्हलपमेंटचं फायनल स्टेजला आलंय. महिन्याभरात ॲग्रीमेंट. आत्ता कोणी धोकादायक-बिकादायक शब्द काढला ना, तर नोटीस लागेल आणि सगळ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढतील. हातात कागद नाही, भाड्याचा पत्ता नाही. चाळीस माणसं आहेत, म्हातारी आहेत. मी सेक्रेटरी आहे, मला उत्तर द्यावं लागतं."

"इंजिनीअरला एकदा दाखवा तरी."

"दाखवणार ना. ॲग्रीमेंट झालं की." आणि मग जरा नरमाईने म्हणाले, "तुमचा होमवर्क छान आहे बाई, पण पोरं काहीही मनात घेतात."

मी फोन ठेवला आणि स्वतःशीच चडफडले. मी कोण? तिसरीची बाई. मला कॉलम आणि बीम यांतला फरकही धड सांगता येत नाही. पालिकेत फोन करायचा तर काय सांगायचं, एका मुलीची गोटी जोरात पळते म्हणून? मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

चौथ्या बुधवारी सान्वीचा फोन सगळ्यात आधी आला.

"नमस्कार बाई. मी या आठवड्यात गोटीची वाट हा खेळ खेळले. गोटी फुलीवर ठेवली असता ती जागेवरच स्थिर राहिली. यावरून आमच्या घरातील फरशी समतल आहे हे दिसून येते. आवाजाच्या खेळात मला पंखा, नळ आणि कुकर यांचे आवाज ऐकू आले. धन्यवाद."

तीस वर्षं मी मुलांचं पाठांतर ऐकते आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरी घोटून घेतलेलं भाषण कसं येतं, श्वास कुठे घेतला जातो, नजर कुणाकडे जाते, हे मला झोपेत कळतं. ही सान्वी नव्हती. हे वाक्य तिच्या तोंडात कुणीतरी ठेवलं होतं, आणि ज्याने ठेवलं त्याला ते का ठेवावंसं वाटलं असेल? किल्ल्यावर बल्ब लावणं वेगळं आणि हे वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा केली आणि ठाकुर्लीला गेले.

सोनचाफाच्या कुंपणाला लागूनच टॉवरचा खड्डा होता. वर हिरवी जाळी, खाली गढूळ पाणी, आणि त्यात उपसा करणारा पंप. खणलेली कडा अगदी सोसायटीच्या भिंतीपर्यंत आली होती. मशीन बंद होतं, माणसं जेवायला गेली होती. जिन्यात नवीनच पांढरा रंग दिलेला दिसला. रंगावरून पुन्हा एक रेघ वर गेली होती, माझं बोट मावेल एवढी रुंद.

दार करिश्माने उघडलं. तिची सुट्टी होती. मला बघून ती एकदम रडवेली झाली. विनीतही घरीच होते, लॅपटॉप मांडीवर घेऊन. सान्वी धावत आली आणि माझ्या हाताला लटकली.

"गोटी दाखव बघू," मी म्हटलं.

तिने बाबांकडे बघितलं. खोलीच्या मधोमध एक जाड सतरंजी अंथरलेली होती. बाहेर अंगाची लाही होत असताना हॉलभर सतरंजी. सान्वीने तिच्यावर गोटी ठेवली. गोटी ठेवली तिथेच रुतून राहिली.

"बघा, थांबली," विनीत म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना असं दिसत होतं.

"तुम्ही उत्तर बरोबर यावं म्हणून सतरंजी घातलीत?" माझा आवाज चढला. "मी त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचलंत ना? अहो, हा किल्ला नाही!"

"बाई, आवाज खाली ठेवा. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

करिश्मा पुढे झाली आणि तिने सतरंजीचं टोक धरून ती एका झटक्यात गुंडाळली. खडूची फुली तिच्या खालीच होती. तिथून कपाटापर्यंत सान्वीच्या खुणा, आणि त्या खुणांना आडवी छेदत जाणारी एक फट, चार टाइल्स मधून उकलून वर उचललेल्या. विनीतनी फटीकडे बघितलं नाही. त्यांनी ती आधीच बघितलेली होती.

मी ओरडणार होते. पण ओरडून कुणी ऐकत नाही हे मला वर्गात रोज दिसतं. मी सान्वीसमोर बसले आणि म्हटलं, "पालकांचा खेळ झाला का गं तुमच्याकडे? बाबा विद्यार्थी आणि तू बाई?"

"नाही. बाबांना वेळच नाही."

"मग आत्ता घे."

सान्वीला सांगावंच लागलं नाही. ती ताठ उभी राहिली, अगदी माझ्यासारखी, कमरेवर हात. "बाबा, लॅपटॉप बंद. इथे झोपा. कान खाली. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. जे ऐकू येईल तेच सांगायचं, मनातलं नाही सांगायचं."

विनीत माझ्याकडे बघत होते, मग बायकोकडे. करिश्मा म्हणाली, "झोपा ना. मुलगी सांगतेय." तो मोठा माणूस हाफ पँटमध्ये फरशीवर आडवा झाला, फटीशेजारी, आणि त्याने कान टेकला. करिश्माने पंखा बंद केला.

 खाली कुठेतरी भांडं वाजलं. रस्त्यावरून रिक्षा गेली.

"काय आलं?" सान्वीने विचारलं.

"रिक्षा."

"अजून?"

"काही नाही. तुझ्या आईच्या बांगड्या." ते हसायला बघत होते. मग हसू तोंडावरच राहिलं. मला ते उभ्यानेही ऐकू आलं. कट. आणि त्याच्या मागोमाग खोल कुठेतरी, भिंतीच्या पोटात, वाळू सरकल्यासारखी सळसळ.

विनीतचे डोळे मिटलेलेच होते. शिक्षकांनी सांगितलं नव्हतं ना. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"कितवा आवाज तो, बाबा?"

"तुझा," ते म्हणाले. "तुझा आहे तो. बरोबर आहे तुझं."

मग ते उठले ते धावतच सुटले. दारं बडवत ते चौथ्या मजल्यावर गेले आणि तिथून एकेक मजला खाली उतरत आले. "बाहेर या, आत्ता, काही घेऊ नका, गॅस बंद करा आणि बाहेर!" करिश्माने फायर ब्रिगेडला फोन लावला. मी सान्वीला घेऊन जिना उतरत होते. जिन्यातल्या रंगाचे पापुद्रे डोक्यावर पडत होते.

तळमजल्यावर कमळाबाई दारात पाट टाकून बसल्या होत्या. त्या हलायला तयार नव्हत्या. "मना काय नाय होत गो. माजे सासऱ्याची जागा हाय. तुमी जा." विनीतनी हात जोडले, करिश्माने दंडाला धरलं, पण त्या चौकटीला घट्ट धरून बसल्या.

सान्वीने माझा हात सोडला. "आजी, मला तुला हरवायचंय. होमवर्क आहे. इथे सागरगोटे पळतात, खरा गेम होत नाही. रस्त्यापलीकडे सपाट आहे."

कमळाबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी कनवटीचे सागरगोटे चाचपले आणि उठल्या. "चल. पन हरलीस तर रडायचा नाय."

फायर ब्रिगेडमागून पालिकेचे इंजिनीअर आले. कमळाबाईंच्या घरातलं मागच्या भिंतीचं कपाट सरकवलं तेव्हा खांबाचं सिमेंट फुटून आतल्या गंजलेल्या सळया बाहेर वाकलेल्या दिसल्या. इंजिनीअर दोन पावलं मागे सरले आणि आपल्या माणसांना बाहेर यायला सांगितलं. बाजूच्या खड्ड्याचं काम थांबवलं. वीज, पाणी तोडलं, गेटवर नोटीस लावली, दोरी बांधली. ज्यांना नातेवाईक नव्हते त्यांना राहायला आमची शाळा उघडून दिली. सुट्टीच होती. माझ्याच वर्गात बाकं भिंतीला लावून सहा कुटुंबं झोपली.

आणि मग काहीच झालं नाही. दुसरा दिवस गेला, बिल्डिंग उभीच. तिसरा गेला, उभीच. उन्हात ती इतकी शांत दिसत होती की मलाही शंका यायला लागली. लोकांची भीती ओसरली तसा राग वर आला. तिसऱ्या मजल्यावरचे साईनाथ माझ्या वर्गात, फळ्यासमोर उभे राहून ओरडले, "एका पोरीच्या होमवर्कवरून बिल्डिंग खाली करतं का कोणी? आता बिल्डर विचारेल का आपल्याला? बाई, तुम्हाला हौस, आणि आम्ही रस्त्यावर!"

 विनीत म्हणाले, "मला बोला, बाईंना नाही." मग लोक त्यांना बोलले, आणि जे बोलले ते मुलांसमोर बोलायला नको होतं. सान्वी कोपऱ्यात कमळाबाईंच्या मांडीवर तोंड लपवून बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला विचारलं, "बाई, मी चूक सांगितलं का?"

रविवारी सकाळी निम्मे लोक कपडे, औषधं, देव आणायला परत जायचं म्हणून निघाले. विनीत त्यांच्या आधी तिथे पोचले आणि गेटमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. पोलिसांचा एक माणूस होता, पण त्याला चहाला जावं लागतं. विनीत उठलेच नाहीत. साईनाथनी त्यांची कॉलर धरली, तरी उठले नाहीत. "मला मारा, पण आत नाही," एवढंच. लोक शिव्या घालत समोरच्या सावलीला बसून राहिले.

दुपारी तो आवाज शाळेपर्यंत आला. आधी मला वाटलं मालगाडी. मग जमिनीतून पायाला कळलं, आणि खिडकीतून ठाकुर्लीच्या बाजूला पिवळट धूळ वर चढताना दिसली. वर्गातल्या बायका एकदम उभ्या राहिल्या.  करिश्मा अनवाणीच धावत सुटली.

मागची बाजू पूर्ण बसली होती, म्हणे. सान्वीचा हॉल, कमळाबाईंची चौकट, साईनाथचं देवघर, सगळं त्या खड्ड्यात. आत कोणी नव्हतं. एक मांजरसुद्धा नव्हतं. विनीत परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि त्यांच्या मागे साईनाथ, त्यांचा खांदा धरून, लहान मूल आईचा पदर धरतं तसे. विनीत सान्वीसमोर गुडघ्यावर बसले.  सान्वीने आपल्या फ्रॉकने त्यांचे डोळे पुसले.

 संध्याकाळी साईनाथ वर्गात सान्वीपाशी आले आणि म्हणाले, "बेटा, ती गोटी आहे का तुझ्याकडे?"

तिने खिशातून काढून दिली. साईनाथनी ती माझ्या वर्गाच्या फरशीवर ठेवली, बोट उचललं. गोटी थोडी डुलली आणि राहिली. त्यांनी दोन पावलं पलीकडे पुन्हा ठेवली. मग त्यांची बायको आली, मग चौथ्या मजल्यावरचे आजोबा. शहाण्यासुरत्या माणसांची रांग लागली, प्रत्येकजण आपण जिथे झोपणार तिथे गोटी ठेवून बघत होता, आणि सान्वी शेजारी उभी राहून सांगत होती, "ढकलू नका. आधी अंदाज सांगा." गोटी थांबत होती. तरी त्या रात्री कुणी दिवे बंद करू दिले नाहीत.

मी निघाले तेव्हा सान्वी गेटपर्यंत आली. तिने माझा तळवा उघडला आणि गोटी त्यात ठेवली. निळी, आत पांढरी रेघ असलेली.

"बाई, तुम्ही केलात का हा खेळ तुमच्या घरी?"

मी नाही म्हटलं.

"मग करा. बुधवारी मला फोन करा."

माझी बिल्डिंग डोंबिवलीतली, सोनचाफाहूनही जुनी. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी असते. स्वयंपाकघराचं दार गेल्या पावसाळ्यापासून घासतं. सुताराला सांगू, सांगू म्हणत राहून गेलं. मी पर्स खाली ठेवली, पंखा बंद केला आणि हॉलच्या मधोमध शाळेतल्या खडूने फुली मारली. गोटी जागेवरच राहील, असा अंदाज मी मोठ्याने सांगितला. ऐकायला कोणी नव्हतं. मग बोट उचललं.

गोटी स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. सावकाश गेली आणि उंबऱ्याला टेकून थांबली. मी स्वतःला बजावलं, कुठल्याच घरातली फरशी सपाट नसते. हे मीच लिहिलं होतं, आणि ते खरंच आहे. एकदा गोटी पळाली म्हणून काही सिद्ध होत नाही. मी ती थांबली तिथे खडूने खूण केली आणि फुली पुसली जाऊ नये म्हणून आजूबाजूच्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. उद्या त्याच फुलीवरून पुन्हा ठेवायची आहे.